नवरात्रीचे रंग आहेत त्याच कपड्यांत निभवायचे, की रंग पाळूच नयेत?

मीनल, ठाणे
यंदा, २०२५ मध्ये, २२ सप्टेंबरला, सोमवारी घट बसतायत. तिथी वाढल्यामुळे दसऱ्यापर्यंत चांगले दहा दिवस आहेत. मी बँकेत आहे, रोज जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणींचा फोटो असतो. गेल्या वर्षी चार सेट नवे घेतले, साडेचार हजार गेले. त्यातला करडा त्या एका दिवसानंतर अंगाला लागलेला नाही. यंदा नवीन एकही घ्यायचा नाही असं ठरवलंय. घरात अकरा साड्या आणि सहा कुर्ते आहेत. एवढ्यात जमेल का? की सरळ रंग सोडून द्यावेत? तुमचं मत सांगा.

सुईदोरा, डोंबिवली
जमेल. बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे दर वर्षी हीच धावपळ समोर बघते. आधी यादी नीट वाच. पहिले सात रंग वारावर ठरलेले असतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. गेल्या वर्षी घट गुरुवारी बसले म्हणून पिवळ्यापासून सुरुवात झाली, यंदा सोमवार म्हणून पांढऱ्यापासून. वार आणि रंगाची जोडी तीच राहिली. बदलतात ते शेवटचे दोन-तीन दिवस, तिथे मोरपंखी, गुलाबी आणि जांभळा आलटून-पालटून येतात. म्हणजे एकदा नीट जुळवलंस की पुढच्या वर्षी पुन्हा विचार करायला नको.

आणि करडा कायम शनिवारी येतो, हे लक्षात घे. यंदा तो २७ तारखेला आहे, महिन्यातला चौथा शनिवार, तुझ्या बँकेला सुट्टी. केशरी रविवारी. म्हणजे ऑफिसपुरते आठच रंग उरले.

दत्तप्रसाद_के
हे रंग वारावर आहेत कारण ते ग्रहांचे रंग आहेत. चंद्र पांढरा, मंगळ लाल, गुरू पिवळा. शास्त्रातच आहे. मग पाळायचे तर पूर्ण पाळावेत. नुसती ओढणी टाकून रंग पाळला असं म्हणणं मला पटत नाही.

सुईदोरा, डोंबिवली
सोम, मंगळ, गुरू जुळतात, ते बरोबर. पण बुधाचा रंग हिरवा, आणि यादीत बुधवारी निळा आहे. शुक्राचा पांढरा, यादीत शुक्रवारी हिरवा. ही रोजच्या रंगाची पद्धत वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने सुरू केली आणि वाचक बायकांचे फोटो छापायला लागल्यावर ती घराघरांत गेली. त्याआधी माझ्या आईने घटस्थापनेला कधी रंग विचारला नव्हता. म्हणून ती वाईट ठरत नाही. लोकल ट्रेनमध्ये अख्खा डबा एका रंगाचा दिसला की मलाही छान वाटतं. पण देवीचा कोप व्हावा असं त्यात काही नाही, त्यामुळे ओढणीने भागलं तर भागलं.

पूर्वा_नाशिक
मी विरुद्ध मताची. रंग पाळूच नयेत. आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या मावशी फोटोच्या वेळी बादली उचलून जिन्यात जातात. तीन वर्षं मी हे बघतेय. एकदा मीच हाताला धरून आणलं, तर म्हणाल्या, "माझं आजचं नाही ना, ताई." तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही जुन्या साड्या कितीही हुशारीने जुळवा, ज्यांच्याकडे चारच साड्या आहेत त्यांना फोटोच्या बाहेर ठेवणारी पद्धत तुम्ही चालूच ठेवताय.

मीनल, ठाणे
पूर्वा, हे वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही एक मावशी आहेत, त्या फोटोत असतात की नसतात हे मला आत्ता आठवतही नाही. पण पद्धत बंद करणं माझ्या हातात नाही. गेल्या वर्षी एकीने रंग पाळला नाही तर दिवसभर तिला विचारत होते, "विसरलीस का?"

गोडबोले_आजी
आमच्याकडे देवीला नऊ दिवस नऊ साड्या कधीच नव्हत्या. घटाला एक खण आणि अष्टमीला साडी, बस्स. देवीला रोज नवीन वस्त्र हवंच असं कोणी सांगितलं? हळदीकुंकवाला आलेल्या खणांची वस्त्रं शिवून आलटून-पालटून नेसवावीत.

मीनल, ठाणे
आजी, मी माझ्या कपड्यांबद्दल विचारत होते. पण खणाचं आवडलं, माझ्याकडेही खणांचा गठ्ठा पडून आहे.

ताणाबाणा, पुणे
हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान चालवते, तेव्हा माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगते. "काहीच घेऊ नका" हे मला मान्य नाही. आमच्या वर्षाच्या विक्रीत गणपती ते दिवाळी हाच काळ मोठा, आणि त्यावर विणकरांची घरं चालतात. मीनलचे साडेचार हजार चार सेटवर गेले, त्यात एक बऱ्यापैकी धूपछाव साडी आली असती. निळा ताणा आणि हिरवा बाणा असला की चालताना ती कधी निळी, कधी हिरवी दिसते. तोच मोरपंखी. एका साडीत तीन दिवस निघतात.

सुईदोरा, डोंबिवली
एक चांगली घ्यावी, हे तुमचं पटतं. तीन दिवस निघतात, हे नाही पटत. डोळ्याला ती बदलती दिसते, पण फोटोत एकच काहीतरी उमटतं. माझ्याकडची अशी साडी ट्यूबलाइटखाली सरळ हिरवी येते, खिडकीपाशी निळसर. निळ्या रंगाच्या दिवशी ती नेसून गेले तर "आज निळा आहे" असंच ऐकावं लागेल. म्हणून कुठलाही जोड ठरवण्याआधी दोन मीटरवरून, ऑफिसात असतो तसल्या उजेडात फोटो काढायचा आणि घरातल्या कुणाला तरी नुसतं विचारायचं, रंग कुठला? पहिला शब्द येईल तो खरा.

मीनल, साड्या कुठल्या आहेत ते सांग.

मीनल, ठाणे
क्रीम सुती, सोनेरी काठाची. पिवळी सिल्क, जांभळ्या काठापदराची. बाटली हिरवी, लाल काठाची. मोरपंखी धूपछाव, आईची. एक काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीची. बाकीच्या तपकिरी, मरून अशा, या यादीत न बसणाऱ्या. कुर्ते दोन पांढरे, एक निळा, एक गुलाबी, दोन छापील. ओढण्या लाल आणि केशरी आहेत.

सुईदोरा, डोंबिवली
मग सोमवारी क्रीम साडी. त्यावर लाल ब्लाउज घालू नकोस. सप्टेंबरच्या घामाने काखेतला लाल रंग साडीला लागतो, आणि क्रीमवरून तो निघत नाही. कुठल्याही गडद ब्लाउजच्या आतल्या शिलाईला ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून धरायचा. रुमालाला रंग लागला तर तो ब्लाउज फिक्या साडीवर नाही.

मंगळवारी पांढरा कुर्ता आणि लाल ओढणी. ओढणी एका खांद्यावर सोडली तर फोटोत तू पांढरीच दिसशील. दोन्ही खांद्यांवरून पुढे, पूर्ण उलगडून घे. बुधवारी निळा कुर्ता.

गुरुवारी पिवळी सिल्क, नेहमीसारखी. आपल्या रोजच्या नेसण्यात पदराचं टोक पाठीवर जातं, त्यामुळे समोरून अंगाचाच रंग दिसतो. तीच साडी १ ऑक्टोबरला, जांभळ्याच्या दिवशी, गुजराती पद्धतीने नेस. पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे पसरला की छातीवर अख्खा जांभळा येतो. ब्लाउजही जांभळा हवा, नाहीतर पिवळाच जिंकतो. तुझ्या खणांच्या गठ्ठ्यात जांभळा असेल तर तो शिवून घे, तेवढीच काय ती शिलाई.

शुक्रवारी बाटली हिरवी. सोमवारी, २९ ला, मोरपंखी. मंगळवारी गुलाबी कुर्ता.

मीनल, ठाणे
काकू, गुजराती पद्धतीने आत्ताच आरशासमोर नेसून बघितली. तीच साडी आहे यावर नवऱ्याचा विश्वास बसेना! जांभळा खणही निघाला. पण आईच्या मोरपंखीवरचा ब्लाउज दंडात होत नाही.

सुईदोरा, डोंबिवली
उलटा करून शिलाईच्या आत किती कापड सोडलंय ते बघ. दोन्ही बाजूंना बोटभर असेल तर उसवून वाढतो. जुन्या शिलाईची रेघ राहते आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं, पण ते काखेखाली जातं. आणि पितृपक्षातच दे. त्या पंधरवड्यात नवीन कापड कुणी टाकत नाही, आमचे हात मोकळे असतात. अमावास्येनंतर आलीस तर मीही दसऱ्यानंतरची तारीख देईन.

समीर_बी
पुरुषांचं कोणी बोलत नाही. माझ्याकडे पांढरा, निळा आणि करडा शर्ट. हे तीन दिवस पाळतो, बाकी दिवस नाही. आजवर कुणी विचारलंही नाही.

पूर्वा_नाशिक
तुम्हाला कुणी विचारत नाही आणि तिला दिवसभर विचारतात, समीर. मी हेच म्हणतेय.

मीनल, ठाणे
शनिवारी सोसायटीत भोंडला आहे, तिथे मात्र करडा लागेल. गेल्या वर्षीचा सेट आहेच, पण तो कापड म्हणून इतका टोचतो की नको वाटतो.

सुईदोरा, डोंबिवली
काळ्या-पांढऱ्या चौकडीची नेस. चौकडी बारीक असली की दोन पावलांवरून डोळा काळा-पांढरा वेगळा करत नाही, करडाच दिसतो. फोटो काढून बघ.

दत्तप्रसाद_के
नवरात्रात काळा? आमच्या घरी अजिबात चालणार नाही.

मीनल, ठाणे
सासूबाईही तेच म्हणाल्या. फोटोत करडी दिसते हे त्यांनाही पटलं, पण नेसू नकोस म्हणाल्या. याला काही उपाय?

ताणाबाणा, पुणे
सासूबाईंच्या कपाटात बघितलंत का? त्या वयाच्या बायकांकडे राखी रंगाची एखादी नारायणपेठ किंवा इरकल बहुतेक असतेच. साडीला माप नसतं, ब्लाउजला असतं. त्यामुळे साड्या मागून घ्याव्यात, ब्लाउज आपले ठेवावेत. हे दुकानदार असूनही सांगतेय.

पूर्वा_नाशिक
मागून घ्यायचंच असेल तर ऑफिसातही घ्या की. प्रत्येकीने एक-दोन ओढण्या आणून टेबलाच्या खणात ठेवायच्या, ज्या दिवशी जिला हवी तिने घ्यायची. मावशींनीसुद्धा. माझं मत बदललेलं नाही, पण पद्धत चालूच राहणार असेल तर एवढं तरी करा.

मीनल, ठाणे
लाल आणि केशरी माझ्याकडून. उद्या बाकीच्या मुलींशी बोलते. मावशींना मात्र आधी एकटीला विचारते, त्यांना फोटोत यायचंय का ते.

आणि सासूबाईंकडे राखी इरकल सापडली. काठ मरून आहे, तो चालेल का?

सुईदोरा, डोंबिवली
काठ किती रुंद आहे ते बोटांनी मोजून सांग. चार बोटांच्या आत असेल तर पदर पिन न करता सुटा सोड. निऱ्या घालून पिन केलास तर काठावर काठ येऊन सगळा मरूनच दिसेल.