अकरा वर्षे, एक कंपनी, चार खाती: बायोडेटात नोंद कशी करावी?

हिंजवडीकर
अकरा वर्षे एकाच कंपनीत काढलेली दिसली की निवड करणारे पान उलटतात. म्हणून प्रत्येक अंतर्गत बदली आणि प्रतिनियुक्ती स्वतंत्र नोकरी म्हणून लिहावी. मॅट्रिक्स रिपोर्टिंग, म्हणजे एकाच वेळी दोन साहेब, असेल तर सरळ "सहा जणांचा गट सांभाळला" असे लिहावे. कोण तपासणार आहे?

भोसरीची पडताळणीवाली
मी तपासते, आणि सोळा वर्षे हेच काम करत असल्यामुळे हा सल्ला वाचून गप्प बसवत नाही. एक गृहस्थ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत 2013 साली गुणवत्ता विभागात लागले, 2016 साली पुरवठादार विकास विभागात गेले, 2018 साली चौदा महिन्यांसाठी समूहातल्याच दुसऱ्या कंपनीच्या साणंदच्या कारखान्यात पाठवले गेले आणि परतल्यावर प्रकल्प विभागात आले. त्यांनी चार नोकऱ्या लिहिल्या आणि साणंदची कंपनी स्वतंत्र मालक म्हणून दाखवली. पीएफच्या सेवा-इतिहासात मात्र 2013 पासून सलग एकच आस्थापना होती, आणि त्या चौदा महिन्यांच्या पगारपत्रकांवर व फॉर्म 16 वरही पुण्याच्याच कंपनीचे नाव होते. साणंदला विचारले, तर "हे आमच्या पटावर कधीच नव्हते" असे उत्तर आले. काम त्यांनी खरेच केले होते, तरी अहवालात "तफावत" हा शब्द पडला आणि नेमणूक तीन आठवडे अडकली.

शेवटी त्यांनी दुरुस्त करून दिले, त्यात वर कंपनीचे नाव आणि सलग कालावधी एकदाच होता, त्याखाली चारही कामे आपापल्या तारखांसह होती आणि साणंदच्या ओळीत "मूळ कंपनीकडून प्रतिनियुक्तीवर, 14 महिने" असे शब्द होते. चार खात्यांचा अनुभव तेवढाच ठळक दिसत होता.

चाकण११
मग नियम सोपा आहे. पीएफचा सदस्य क्रमांक बदलला असेल तर वेगळी नोकरी, नसेल तर एकच.

भोसरीची पडताळणीवाली
एवढा सोपा नाही. काही कंपन्यांत प्रत्येक कारखान्याचा आस्थापना कोड वेगळा असतो, त्यामुळे मालक तोच राहूनही सदस्य क्रमांक बदलतो. जाताना तुम्ही राजीनामा दिला की बदलीचा आदेश घेतला, आणि ग्रॅच्युइटीसाठी सेवा सलग धरली का, हे आधी पाहा.

निवृत्त कक्ष अधिकारी
प्रतिनियुक्ती म्हणजे काय हे आम्हाला विचारा. मी तीन वर्षे एका महामंडळात होतो, धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावरचा हक्क, मूळ विभागातच होता, आणि परत आल्यावर माझा गोपनीय अहवाल कोणी लिहायचा यावरून दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. प्रतिवेदन अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असावे लागते आणि माझे तिथले साहेब मध्येच बदलले होते. त्या एका कोऱ्या वर्षाचा त्रास मला पदोन्नतीच्या वेळी झाला.

हिंजवडीकर
काका, प्रश्न खासगी नोकरीतल्या बायोडेटाचा आहे.

निवृत्त कक्ष अधिकारी
मुद्दा तोच आहे. तुमचे दोन साहेब असतील, तर तुमचे मूल्यमापन कोणी लिहिले हे तुम्हीच लिहून ठेवायला हवे, कारण पुढे दोघेही हात वर करतात.

नाशिकची प्रकल्पवाली
काकांचे म्हणणे मला पटते. माझी रजा कारखानाप्रमुख मंजूर करत आणि माझ्या कामाच्या तारखा प्रकल्पप्रमुख ठरवत. एकदा ओतीव भागात छिद्रे निघाली, तेव्हा एकाने माल थांबवायला सांगितले आणि दुसऱ्याने त्याच दिवशी गाडीत भरायला सांगितले. मी भाग कापून दोघांसमोर ठेवला आणि माल थांबला. नुसते "मॅट्रिक्स रचनेत काम" लिहिले असते तर यातले काहीच कळले नसते. मी लिहिले की "प्रशासकीयदृष्ट्या कारखानाप्रमुखांच्या आणि कामाच्या दृष्टीने प्रकल्पप्रमुखांच्या अधीन, चार विभागांतील सहा जणांच्या कामाचा समन्वय, थेट अधीनस्थ कोणी नाही". मुलाखतीत पहिला प्रश्न त्या सहा जणांवरच आला. गट सांभाळला असे लिहून मी त्यांची पगारवाढ ठरवल्याचे भासवले असते, तर तिथेच उघडी पडले असते.

चाकण११
हे सगळे ठीक आहे, पण अनुभवपत्राचे काय? माझ्या जुन्या कंपनीने नऊ वर्षांच्या पत्रात शेवटचे पदनाम तेवढे लिहिले. मधली दोन खाती गायब! तीन मेल पाठवले, उत्तर एकच आले, की नमुना बदलता येत नाही.

नाशिकची प्रकल्पवाली
माझेही तसेच झाले. आता बदलीचा प्रत्येक आदेश मी घरी जपून ठेवते.

हिंजवडीकर
आदेशच मिळत नाहीत! आमच्याकडे बदली एका मेलवर होते, आणि नोकरी सोडताच मेल बंद होतो. माणसाने पुरावा आणायचा कुठून?

भोसरीची पडताळणीवाली
पगारवाढीची पत्रे वैयक्तिक पत्त्यावर मागून घ्या, कारण त्यांवर बहुधा त्या वर्षीचे खाते आणि पदनाम असते. तेही नसेल, तर त्या काळातल्या साहेबांचे नाव संदर्भासाठी द्या, ते आता दुसरीकडे असले तरी चालते. आमच्याकडे अशी तोंडी खात्री वेगळ्या रकान्यात लिहितात आणि काही ग्राहक कंपन्या ती मानत नाहीत, हेही खरे आहे.

हिंजवडीकर
साणंदचे उदाहरण मान्य करतो, मालक वेगळा दाखवू नये. पण चारही कामे एकाच नावाखाली लिहिली की माझी सलग अकरा वर्षेच आधी दिसतात, आणि त्यावर तुमच्यापैकी कोणीही उत्तर दिलेले नाही.