मदत हवी आहे: आजोबांच्या घराचा कर, जुना घर नंबर आणि बंद नळाचं बिल

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांचं मातीचं घर आहे. बाबा मार्चमध्ये गेले, आता मी, ताई आणि आत्या असे तिघे वारस. गावात आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे.

बाबांच्या ट्रंकेत ग्रामपंचायतीचा नमुना 8 सापडला, त्यावर आजोबांचं नाव, घर क्रमांक 212. दाराच्या चौकटीवर निळ्या रंगात 3/47 लिहिलंय, आणि कराच्या बिलावर तिसराच क्रमांक! बिलात थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लावलेली आहे. तीनही नंबर एकाच घराचे हे मला कागदावर दाखवता येत नाही. जुन्या-नव्या नंबरांची नोंद कर आकारणी रजिस्टरमध्ये मिळते का? त्याची नक्कल मागताना अर्जात नेमकं काय लिहायचं?

नळाचं वेगळंच. सहा वर्षांपासून तोटीला थेंब नाही, पण कनेक्शन बंद करायचा लेखी अर्ज कोणी दिलाच नाही, म्हणून पाणीपट्टी चढत गेली. आता अर्ज दिला तर मागचं माफ होतं का, की फक्त पुढचं थांबतं?

करपावतीवर नाव चढलं म्हणजे मालकी झाली असं नाही, हे कळतं. आखीव पत्रिकेवर वारस नोंद भूमी अभिलेखातच करावी लागेल. पण तिथे आधी जायचं की थकबाकी आधी भरायची? आत्या म्हणते, "भरून टाक ना बाप्पा", पण पावती आजोबांच्याच नावाने निघेल. कोणी हे केलंय का?