आजोबांसाठी मोबाइलवर कॅप्शन चालू केलं, पण आमचं बोलणं उमटतच नाही. मदत हवी आहे

पेठेतला_नातू
आजोबा ८३ वर्षांचे, ऐकू कमी येतं. रविवारी त्यांच्या मोबाइलवर लाइव्ह कॅप्शन चालू केलं, साउंड अँप्लिफायरही टाकलं. दोन्हींचा उपयोग शून्य. फोन तोंडासमोर धरून ओरडलो तरी एक अक्षर उमटत नाही. अँप्लिफायर लावला की आजोबा म्हणतात, "पंखा ऐकू येतोय, तू नाहीस." मी शुक्रवारी बंगळुरूला परत जातोय, त्याआधी जमायला हवं. काय चुकतंय? 'गूगल करा' कृपया सांगू नका, करून झालंय.

बावधनचा_बाळ
फोन कुठला? भाषा कुठली ठेवलीय? इअरफोन कुठला? टीव्हीसाठी हवंय की समोरासमोर बोलण्यासाठी की फोन कॉलसाठी? काहीच लिहिलेलं नाहीत.

पेठेतला_नातू
साधा अँड्रॉइड. भाषा मराठीच, घरात आणखी काय बोलणार? सगळ्यासाठीच हवंय.

जोशीबुवा_सहकारनगर
सोपं आहे. फोनची भाषा मराठी करा आणि बंद करून चालू करा, की कॅप्शन मराठीत यायला लागतं. माझ्याकडे उत्तम चालतं.

बावधनचा_बाळ
बुवा, तुमच्याकडे काय लावल्यावर चालतं?

जोशीबुवा_सहकारनगर
क्रिकेटचं समालोचन. इंग्रजी. पण मराठीतही चालायला हरकत नसावी.

श्रुती_कानवाली
हरकत आहे, बुवा. श्रवणतपासणीच्या कामात बारा वर्षं आहे, आणि हा घोळ जवळजवळ प्रत्येक नातवाचा होतो.

लाइव्ह कॅप्शन म्हणजे फोन स्वतः जे वाजवतो त्याची अक्षरं: व्हिडिओ, आलेला ऑडिओ मेसेज. ते माइककडे बघतच नाही, म्हणून तुम्ही समोर कितीही ओरडलात तरी पट्टी येणार नाही. शिवाय त्यात मराठी नाही, फोनची भाषा बदलून ती येत नाही.

तुम्हाला हवंय ते लाइव्ह ट्रान्सक्राइब. Settings > Accessibility > Live Transcribe इथे बघा. नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. ते माइकवरून ऐकतं आणि त्यात मराठी आहे. ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये मुख्य भाषा मराठी निवडा. चुकून हिंदी राहिली तर लगेच कळतं, कारण "कुठे आहे" चं "कहाँ है" सारखं काहीतरी दिसायला लागतं. अक्षरं सर्वांत मोठी करा. मराठीसाठी नेट लागतं, हे आजोबांनाही सांगून ठेवा, नाहीतर वायफाय गेलं की ते तुम्हाला बंगळुरूला फोन करतील.

आता अँप्लिफायर. इअरफोन कुठला आणि फोन कुठे ठेवला होता?

पेठेतला_नातू
गळ्यात घालायचा ब्लूटूथ. फोन आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात. कुठे ठेवणार नाहीतर?

श्रुती_कानवाली
सापडलं. अँप्लिफायर फोनच्या माइकवरचा आवाज वाढवून कानात देतो. माइक खिशात, म्हणजे आधी सदरा घासल्याची खरखर, मग डोक्यावरचा पंखा, आणि तुम्ही सर्वांत शेवटी. फोन बोलणाऱ्यासमोर टेबलावर ठेवायचा.

अंतर निम्मं केलं की बोलणं माइकपाशी साधारण ६ डेसिबलने मोठं येतं. दोन मीटरवरून पाव मीटरवर आणलात तर तीनदा निम्मं झालं, म्हणजे १८ डेसिबल. पंखा मात्र तेवढाच राहिला. नुसता आवाज वाढवून हा फायदा कधीच मिळत नाही, कारण तेव्हा पंखाही बरोबर वाढतो.

दुसरं, ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो. ज्यांना थोडं ऐकू येतं त्यांना तुमचं वाक्य दोनदा ऐकू येतं, एकदा हवेतून, एकदा कानातून. म्हणून वायरवाला घ्या. वायर तेवढी लांब ठेवा की फोन टेबलाच्या पलीकडे बोलणाऱ्यापर्यंत पोचेल. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा वायरवालाही चालतो.

कर्वेरोडची_काकू
हे सगळं कशाला? समोर बसून मोठ्यांदा बोललं की झालं. आमच्या सासूबाईंशी आम्ही असेच बोलायचो. शेजारच्यांनाही सगळं कळायचं, तो भाग वेगळा.

श्रुती_कानवाली
काकू, वयाने कान जातो तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ, त ही अक्षरं त्यातच बसतात. स्वर शाबूत राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय, पण कळत नाही." ओरडलं की स्वर फुगतात, स आणि श तिथेच राहतात. वर ओरडणं त्यांना टोचतंही. अँप्लिफायरमध्ये बारीक आवाज वाढवायची वेगळी पट्टी असते. ती हळूहळू सरकवा, दोन्ही कानांना वेगवेगळी. आधी एकूण आवाज कमी ठेवून सुरुवात करा. आजोबांना शब्द विचारून बघा: "सात" आणि "हात", "साप" आणि "ताप". फरक कळायला लागला की थांबा.

आयफोनवाला_औंध
आयफोन घेऊन टाका. एअरपॉड्सबरोबर लाइव्ह लिसन वापरा, फोनच्या माइकवरचा आवाज थेट कानात येतो. वडिलांना मी तेच दिलंय, विषय संपला.

बावधनचा_बाळ
८३ वर्षांच्या माणसाला नवीन फोन शिकवायचा, तोही शुक्रवारच्या आत? शिवाय तिथेही माइकच्या अंतराचं गणित हेच, आणि मूळ प्रश्न अँड्रॉइडचा आहे.

आयफोनवाला_औंध
मी उपाय सांगितला. घ्यायचा तर घ्या.

पेठेतला_नातू
लाइव्ह ट्रान्सक्राइब चाललं! टेबलावर ठेवून बोललो, "आजोबा, गोळी घेतली का", तर अगदी तसंच उमटलं. आजोबा म्हणाले, "हे आधीच कळलं होतं मला." पण संध्याकाळी सगळे जेवायला बसलो आणि पार गोंधळ. मी, आई, आत्या, कुकरच्या शिट्ट्या, एकच ओळ लांबत जाते, कोण बोललं कळत नाही. आणि आत्याचा फोन आला तेव्हा काहीच उमटलं नाही. कॉलचं काय?

बावधनचा_बाळ
कॉल चालू असताना त्याच फोनचा माइक ट्रान्सक्राइबला मिळत नाही. कॉलचं कॅप्शन ठरावीक फोनवरच, आणि मराठीत मिळणार नाही. घरी जुना स्मार्टफोन असेल तर त्यावर ट्रान्सक्राइब उघडा, कॉल स्पीकरवर घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या मावशीकडे असंच चालतं. चुका होतात, पण वेळ आणि नाव कळतं.

श्रुती_कानवाली
जेवणाच्या वेळचा मात्र माझ्याकडे उपाय नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, हे ॲप शिकवू शकत नाही. एक विचारते, हे आधीच विचारायला हवं होतं: त्यांना कानाचं मशीन आहे का?

पेठेतला_नातू
आहे ना. दोन वर्षांपूर्वी घेतलंय. कपाटात आहे. शिट्टी वाजते म्हणून घालत नाहीत.

बावधनचा_बाळ
हे तुम्ही आत्ता सांगताय?

श्रुती_कानवाली
शिट्टी म्हणजे आवाज कानातून बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतोय. मशीनचा कानात बसणारा साचा सैल झाला असेल, किंवा कानात मळ साचला असेल. फोनच्या भानगडीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ बघून घ्या, मग मशीन जिथून घेतलं तिथे नेऊन पुन्हा बसवून घ्या. ऐकण्याच्या तपासणीचा नवा आलेख काढायला सांगा, दोन वर्षांत ऐकणं बदललेलं असू शकतं. आणि मशीन घातलेल्या कानात अँप्लिफायरचा इअरफोन नको.

कर्वेरोडची_काकू
मळासाठी कोमट तेल घाला, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घालतात.

श्रुती_कानवाली
पडद्याला भोक आहे की नाही हे बघितल्याशिवाय काहीही घालू नका, काकू.

पेठेतला_नातू
गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. आजोबा म्हणतात येणार नाही, त्यांना सगळं ऐकू येतं.

जोशीबुवा_सहकारनगर
माझ्या एका कानात रात्री कुईं असा आवाज येतो. त्यावर गोळी कुठली?