घड्याळ दुरुस्तीचं बिल ४५० वरून २६००! मदत हवी, उद्याच हो-नाही सांगायचं आहे

महालचा_पोरगा: सीताबर्डीत घड्याळ दिलं होतं. बंद पडत होतं. साफसफाईचे ४५० सांगितले. आज फोन आला, आता २६०० म्हणून राहिला. काय करू? पार्ट बदलले तर नाही?

खामला४४: कोणतं घड्याळ? सेलचं की चावीचं? पावती आहे का?

महालचा_पोरगा: बाबांचं एचएमटी जनता, चावीचं. पावतीवर फक्त "घड्याळ १" लिहिलंय. २६०० मध्ये मेन स्प्रिंग, बॅलन्स, सर्व्हिसिंग, वर प्रत्येकाची वेगळी मजुरी.

धरमपेठ_ताई: माझ्या घड्याळाचा सेल दर चार महिन्यांनी संपतो, तो कुठे बदलावा?

जुना_कारागीर: मी तीस वर्षं हेच काम केलं. भाऊ, उद्या होकार देऊ नका, दुकानात जा. सर्व्हिसिंगमध्ये मशीन पूर्ण खोलावीच लागते. त्यातच मेन स्प्रिंग बदलते, मग तिची वेगळी मजुरी कशाची? फक्त स्प्रिंगची किंमत द्या. दुसरं, "बॅलन्स" म्हणजे काय ते लिहून घ्या. फक्त बॅलन्सच्या चाकाचा दांडा बदलला तर तुमचं चाक घड्याळातच राहतं, आणि तुटका बारीक दांडा परत मिळतो. पूर्ण बॅलन्स बदलला असेल, तर जुनं चाक त्याच्या हेअरस्प्रिंगसकट हातात आलं पाहिजे.

खामला४४: जुने पार्ट मागितले की झालं, एवढा विचार कशाला.

जुना_कारागीर: नाही. डब्यातला कुठलाही भंगार पार्ट पुडीत बांधून देतात. स्प्रिंग टेबलावर मोकळी सोडून पाहा. चांगली असली तर इंग्रजी एससारखी पसरते, थकलेली गुंडाळीतच बसते. दांडा भिंगाखाली पाहा, टोक मोडलेलं दिसतं.

खामला४४: १९१५ वर तक्रार करा सरळ, ग्राहक हेल्पलाइन आहे.

जुना_कारागीर: नंतर करा. आधी घड्याळ हातात येऊ द्या.

महालचा_पोरगा: जाऊन आलो. समोर झाकण उघडलं. स्प्रिंग मोकळी केली तर एससारखीच पसरली! तो म्हणाला, बरं, ती राहू द्या. दांड्याचं टोक भिंगातून मोडकं दिसलं, ते खरं होतं. कागदावर लिहून घेतलं: दांडा ५००, सर्व्हिसिंग ६००, जुना दांडा परत, यापेक्षा जास्त लागलं तर आधी फोन. मशीनचा आणि डायलचा फोटो काढला.

जुना_कारागीर: देण्याआधीचा फोटो आहे का?

महालचा_पोरगा: मशीनचा नाही. डायलचा बाबांच्या मनगटावरचा एक जुना फोटो आहे, पण धूसर. "जनता" अक्षरं जरा वेगळी वाटून राहिली. तोच डायल आहे की नाही, समजत नाही.

धरमपेठ_ताई: सेलचं कोणी सांगाल का?