एका नोंदीला दोन नावं

"गटाची सगळी चॅट एक्सपोर्ट करून ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपमध्ये टाकली, तरी शोधल्यावर हवं ते उत्तर सापडत नाही."

अख्खी फाइल टाकू नका. एका प्रश्नाचं उत्तर एका नोंदीत ठेवा, खाली तारीख आणि गटाचं नाव. माझी अडचण शब्दांची होती. मिरचीच्या रोगाला आमच्या बागकाम गटात कोणी चुरडा-मुरडा म्हणतं, कोणी बोकड्या. एक नाव शोधलं की दुसऱ्या नावाची उत्तरं निसटायची. आता 'चुरडा-मुरडा' या नोंदीच्या अगदी वर हे असतं:

```
---
aliases: [बोकड्या, लीफ कर्ल]
---
```

कुठलंही नाव टाकलं तरी तीच नोंद उघडते. आत दोन दुवे आहेत: पानं वर वळली तर [[फुलकिडे]], खाली वळली तर [[कोळी]]. दुव्याशेजारी कारण लिहाच. नुसता दुवा महिन्याभराने मलाच कळेना.