‘कोलेस्टेरॉलची लस’ हा शब्द पत्रकात चालेल का?

पणजीची अनुवादक:
भरपूर गोळ्या घेऊनही ज्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरत नाही, त्यांना हल्ली जी इंजेक्शनं देतात त्यांचं मराठी माहितीपत्रक करतेय. दोन जाती आहेत. एक पंधरा दिवसांनी घ्यायची, इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब. दुसरी सहा महिन्यांनी घ्यायची, इन्क्लिसिरॅन. पहिलीला मी ‘प्रतिपिंड औषध’ लिहिलं आणि दुसरीला ‘लघु हस्तक्षेपी आरएनए’. आईला वाचायला दिलं तर तिने चष्मा काढून ठेवला. इकडे म्हापसा-पेडण्याकडे लोक सरळ ‘कोलेस्टेरॉलची लस’ म्हणतात. तोच शब्द घेतला तर?

डिचोलीचे मास्तर:
घ्या खुशाल. लोकांनी रुळवलेला शब्द कोशातल्या शब्दापेक्षा केव्हाही बरा. शिवाय अर्थही बसतो. लस टोचली की शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, आणि हे औषध प्रतिपिंडांचंच आहे.

औषधवाली, म्हापसा:
मास्तर, अर्ध्यापर्यंत बरोबर. लस दिली की प्रतिपिंडं आपलं शरीर बनवतं आणि ती कशी बनवायची ते लक्षात ठेवतं. इथे प्रतिपिंड कारखान्यात बनवून इंजेक्शनच्या पेनात भरून येतं. कुत्रा चावल्यावर लसीबरोबर जखमेत वेगळं सीरम देतात ना, त्या जातीचं. शरीर काही शिकत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी नवं पेन. आणि इन्क्लिसिरॅनमध्ये तर प्रतिपिंडाचा संबंधच नाही.

‘लस’ शब्दाने काय होतं ते मी दुकानात पाहिलंय. पन्नाशीचे एक गृहस्थ, एलडीएल मुळात 286. रोसुव्हास्टॅटिन 40 घेतल्यावर निम्मं, म्हणजे 143. त्यावर इझेटिमाइब, उरलेल्यातलं वीसेक टक्के गेलं, 114. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे डॉक्टरांना 55 च्या खाली हवं होतं. इन्क्लिसिरॅन दिलं, तीन महिन्यांनी दुसरं. तपासलं तर 58. घरात आनंद. सहा महिन्यांनी पुढच्या इंजेक्शनाच्या आधी तपासलं तर 141! बायको म्हणाली, ‘‘बाय, लस उतरली गो.’’ मी विचारलं, गोळ्या? ‘‘त्या कशाला आता? लस घेतलीय ना.’’

आकडा बघा. 286 च्या निम्मे 143. इंजेक्शन चोख काम करत होतं, पण एकटंच. इंजेक्शनाआधी नुसत्या गोळ्यांवर होते त्याहूनही वर गेले.

फोंड्याचा हिशेबनीस:
थांबा, मला हा हिशेब पटत नाही. स्टॅटिन 50 टक्के, इझेटिमाइब 20, इंजेक्शन 50. बेरीज 120. एलडीएल शून्याखाली जायला हवं.

औषधवाली, म्हापसा:
बेरीज नाही करायची. प्रत्येक औषध उरलेल्यातून कापतं. 286 चे 143, 143 चे 114, 114 चे 57. प्रतिपिंडाचं पेन साधारण 60 टक्के कापतं, म्हणजे 46 च्या आसपास गेलं असतं.

मडगावचे निवृत्त डॉक्टर:
औषधवालीबाईंचं बरोबर आहे. एक भर घालतो, कारण ‘गोळ्यांनी भागत नाही तर गोळीच दुप्पट करा’ असंही पेशंट म्हणतात. स्टॅटिन दुप्पट केलं तरी एलडीएल आणखी सहा टक्केच उतरतं. त्याचं एक कारण या इंजेक्शनांच्या मुळाशी आहे.

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राही असतात. ग्राही एलडीएल आत सोडतो आणि पुन्हा वर येतो, अशा अनेक फेऱ्या मारतो. पीसीएसके9 नावाचं प्रथिन त्याला चिकटलं, तर मात्र तो आत गेला की तिथेच मोडीत निघतो. स्टॅटिनमुळे यकृत ग्राही वाढवतं, पण त्याच झटक्यात पीसीएसके9 सुद्धा वाढवतं. एका हाताने देतं, दुसऱ्याने काढून घेतं. प्रतिपिंड रक्तातच पीसीएसके9 ला धरून ठेवतं. इन्क्लिसिरॅन एक पायरी आधी जातं: यकृताच्या पेशीत शिरून, हे प्रथिन बनवण्याची जी आरएनएची चिठ्ठी असते तीच पुन्हा पुन्हा कापत राहतं. म्हणून एकदा टोचलं की महिनोन्‌महिने पुरतं.

यातूनच त्याची मर्यादाही कळते. सगळा खेळ ग्राहींचा आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या काही मुलांमध्ये चालणारे ग्राहीच नसतात. तिथे वाचवायला काही नाही, मग ही दोन्ही औषधं जवळजवळ निरुपयोगी.

डिचोलीचे मास्तर:
मग इन्क्लिसिरॅनला ‘जनुकीय उपचार’ म्हणता येईल.

मडगावचे निवृत्त डॉक्टर:
नको हो मास्तर. ते पेशीच्या केंद्रकात जातच नाही, डीएनएला हात लावत नाही. ‘जनुकीय’ म्हटलं की अर्धे पेशंट घाबरून पळतील आणि उरलेले पुढचं इंजेक्शन घ्यायला येणार नाहीत, कायमचं बरं झालं म्हणून.

पेडण्याहून:
माझे ट्रायग्लिसराइड 480 आहेत, एलडीएल 150 दाखवलंय. स्टॅटिन मी घेत नाही, पाय दुखतात. मला ही लस मिळेल का?

औषधवाली, म्हापसा:
भाऊ, ही इंजेक्शनं ट्रायग्लिसराइडसाठी नाहीत. आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असलं की नेहमीच्या सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबता येत नाही. लॅबमध्ये ‘डायरेक्ट एलडीएल’ सांगून पुन्हा करून घ्या. पाय दुखण्याचं डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन देऊन बघतात, न सोसणाऱ्यांसाठी पुढचे मार्गही आहेत. आपणहून बंद करू नका.

पणजीची अनुवादक:
‘लस’ बाद. पण ‘प्रतिपिंड’ ठेवू का? शेजारच्या काकींनी ते ‘प्रतिजैविक’ वाचलं आणि विचारलं, कोर्स किती दिवसांचा?

फोंड्याचा हिशेबनीस:
करोनात सगळ्यांनी ‘अँटिबॉडी’ ऐकलंय. तेच लिहा.

डिचोलीचे मास्तर:
मराठी पत्रकात? ‘प्रतिद्रव्य’ तरी लिहा. वर्तमानपत्रं लिहितात.

मडगावचे निवृत्त डॉक्टर:
मी नावाच्या शेपटीकडे बोट दाखवायचो. शेवटी ‘मॅब’ असेल तर ते प्रतिद्रव्य: पंधरा दिवसांचं पेन, काहींना महिन्याच्या मोठ्या मात्रेतही मिळतं, पोटावर किंवा मांडीत स्वतः टोचायचं. शेवटी ‘सिरॅन’ असेल तर आरएनएचं: आज, तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून. पेशंटच्या हातात खोका असतोच, त्यावर हे नाव छापलेलं असतं.

औषधवाली, म्हापसा:
हे मला आवडलं. साठवणही त्यावरूनच सांगता येते. मॅबची पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की फेकायचं. टोचण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवायचं, ऊन दाखवायचं नाही, हलवायचं नाही. इथे मे महिन्यात वीज गेली की माझा फोन वाजायला लागतो. सिरॅनला फ्रिज लागत नाही. आणि पत्रकात हेही टाक ताई: सिरॅनची तारीख चुकली आणि तीन महिन्यांच्या आत लक्षात आलं, तर लगेच घेऊन पुढचं वेळापत्रक तसंच ठेवायचं. तीन महिन्यांहून जास्त झालं तर पुन्हा पहिल्यापासून: आज, तीन महिन्यांनी, मग सहा.

पणजीची अनुवादक:
शीर्षक ‘कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं’ करते. खाली ठळक ओळ: ‘गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही.’ ‘लघु हस्तक्षेपी’चं काय करू, ते अजून सुचत नाही.

डिचोलीचे मास्तर:
‘चिठ्ठीकापू’?

पणजीची अनुवादक:
मास्तर, आईला विचारते.