गप्पांवरून कॉफीवर कसं यायचं?

कोरी_वही: एका डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या मुलीशी काही आठवड्यांपासून रोज मेसेजवर बोलतोय. ती चित्रकला शिकते, मला रेखाटनाची आवड आहे, त्यामुळे विषय संपत नाहीत. आता भेटावंसं वाटतं. पण विचारलं आणि तिला दडपण आलं, तर आहे तेही बंद होईल. कधी विचारायचं आणि नेमकं काय लिहायचं?

निवांत: माझं मत स्पष्ट आहे, घाई करू नका. मुलींना अनोळखी माणसाला भेटताना सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो बसला की ती स्वतःच सुचवते. आधी दोन-तीन महिने नीट बोला.

रातराणी: निवांत, सुरक्षिततेचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण ती खात्री मेसेजवर होत नाही. महिनोन् महिने गोड लिहिणारा माणूस समोर कसा वागेल हे मला अक्षरांतून कळत नाही. उलट जितके जास्त दिवस लिहीत राहू, तितका मनात त्या माणसाचा एक पुतळा तयार होतो आणि पहिल्या भेटीचं ओझं वाढतं. मला निर्धास्त वाटतं ते भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी असेल, मी माझी मी येणार-जाणार असेन आणि किती वेळ बसायचंय हे आधी ठरलेलं असेल तेव्हा. या गोष्टी निमंत्रणातच दिसल्या तर मला काही विचारावंच लागत नाही.

मधलीसुट्टी: आमचं उलटं झालं. ती दुसऱ्या शहरात होती, भेटणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलवरच कॉफी प्यायचो. छान चाललं होतं. तुम्हीही कॉलच करा ना, भेटायची गरज काय?

कोरी_वही: आम्ही एकाच शहरात आहोत, अंतराची अडचण नाही. मी मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही: "मला माहितीये तू खूप बिझी असतेस आणि कदाचित हे तुला विचित्र वाटेल, तसं असेल तर आधीच सॉरी, पण आपण कधीतरी भेटायचं का? अजिबात प्रेशर नाही, नाही म्हणालीस तरी मला खरंच वाईट वाटणार नाही, आपली मैत्री तशीच राहील." कसा वाटतो?

चौथा_बाक: हा पाठवू नका. यात माफी आहे, काळजी आहे, वाईट न वाटण्याचं आश्वासन आहे, पण कोणत्या दिवशी काय करायचंय तेवढंच नाही. "अजिबात प्रेशर नाही" असं लिहिलं की तिचं लक्ष आधी प्रेशरकडेच जातं. आणि "वाईट वाटणार नाही" वाचून तिला कळतं की वाटणार आहे. आता नकार दिला तर तुमची समजूत काढणं हेही तिचंच काम. "कधीतरी"लाही ती फक्त "हो, भेटू ना" म्हणू शकते, आणि मग तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

हलकं निमंत्रण म्हणजे विचार करायला कमी लागेल असं. चालू विषयातून आलेलं, एक ठरावीक दिवस, छोटा वेळ आणि शेवटी एकच मोकळी वाट. तुमच्या बाबतीत समजा असं:

"तुझी ती खिडक्यांची रेखाटनं वहीत बघायला आवडतील. शनिवारी पाचला कॉफी घेऊ या का? मला सहाला निघायचंय, म्हणजे तासभरच. शनिवार जमत नसेल तर तसं सांग."

सहाला निघायचंय हे खरं असलं पाहिजे, म्हणजे नंतरचं काहीतरी आधी ठरवून ठेवा. वेळ संपायची ठरलेली असली की कंटाळा आला तरी कुणाला बहाणा शोधावा लागत नाही. आणि रंगलंच तर पुढची भेट ठरवता येते.

रातराणी: मेसेज आवडला, एकच बदल सुचवते. शेवटी "शनिवार जमत नसेल तर" असं म्हटलं की मला फक्त शनिवारला नकार देता येतो, मग रविवार पुढे येईल याची धाकधूक राहते. "नको वाटलं तरी मोकळेपणाने सांग" हे एक वाक्य मला बरं वाटतं. एकदाच, आणि साधं.

चौथा_बाक: मला ते वाक्य अजूनही जड वाटतं, पण तुम्ही निमंत्रणं घेणाऱ्या बाजूने बोलताय, तेव्हा हट्ट धरत नाही. दोनदा मात्र नको.

कोरी_वही: जागा तिच्या घराजवळची सुचवू का? तिला सोपं जाईल.

रातराणी: नको. "तुझ्या घराजवळ" म्हटलं की तिला घर कुठे आहे ते सांगावं लागतं. दोघांना साधारण मध्ये पडेल अशी एक जागा सुचवा आणि "दुसरी सोयीची असेल तर सांग" एवढं म्हणा. घ्यायला येतो, सोडायला येतो हेही पहिल्या वेळी नको. हेतू चांगला असला तरी मला त्याला नाही म्हणावं लागतं आणि सुरुवातच अवघडते.

निवांत: जागेचं पटलं. पण विचारायचं कधी? ती रोज बोलते म्हणजे तयार आहे असं कसं धरायचं?

चौथा_बाक: धरायचं नाहीच, म्हणून तर विचारायचं. रोजच्या उत्तरांपेक्षा ती स्वतःहून काही विचारते का ते बघा. तुमचे प्रश्न आणि तिची उत्तरं एवढंच चालू असेल तर थोडं थांबा. ती तुमच्या रेखाटनांबद्दल विचारत असेल, कालचा विषय आज स्वतः काढत असेल, तर गप्पा रंगात असतानाच विचारा. विषय संपून शांतता पसरल्यावर विचारलं की निमंत्रण मधूनच उपटल्यासारखं दिसतं. रात्री उशिरा नको. आणि ती स्वतःचं काही दुखणं सांगत असताना तर मुळीच नको, तेव्हा फक्त ऐका.

मधलीसुट्टी: मी आधी मुद्दा नीट वाचला नव्हता. तरी भेटीआधी पाच मिनिटांचा कॉल असावा, या मतावर मी ठाम आहे. आवाज ऐकला की निम्मा संकोच जातो.

रातराणी: काहींचा जात असेल. मला अनोळखी माणसाचा फोन भेटीपेक्षा अवघड वाटतो. कॉल हवा का असं विचारा, अट घालू नका.

कोरी_वही: आणि "सध्या गडबड आहे, बघू" असं उत्तर आलं तर?

चौथा_बाक: "शनिवारी नाही, पण मंगळवारी चालेल?" असं आलं तर तो होकार. दुसरा दिवस न सुचवता "बघू" आलं तर नकार समजा. "बरं, सवड झाली की तू सांग" लिहा आणि पुन्हा रेखाटनांवर या. पुढचं पाऊल तिचं. उत्तर यायला वेळ लागला म्हणून त्याच दिवशी "वाचलंस का?" असं विचारू नका. तिथे निमंत्रणाचा सगळा हलकेपणा जातो.

निवांत: इथे मी सहमत नाही. गडबड खरीही असू शकते. परीक्षा असते, घरी आजारपण असतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारण्यात गैर काय?

रातराणी: मी स्वतः गडबडीत असताना दुसरा दिवस सुचवायला विसरले आहे, त्यामुळे निवांत यांचं पूर्ण खोडता येत नाही. मधल्या काळात ती पूर्वीसारखीच स्वतःहून बोलत असेल तर एकदा विचारलेलं मला चालेल. उत्तरं आखूड होत गेली असतील तर नाही.

चौथा_बाक: मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तिला भेटायचं असेल तर तुम्ही तयार आहात हे तिला पहिल्याच वेळी कळलेलं असतं.

कोरी_वही: तुमचा मेसेज रातराणींच्या वाक्यासह लिहून घेतला. शनिवारी सहाला एका मित्राकडे जायचं ठरवलंय, त्यामुळे तेही खरंच आहे. आज संध्याकाळी रेखाटनांचा विषय निघाला तर पाठवतो.

निवांत: नाही निघाला तर ओढूनताणून काढू नका, उद्या पाठवा.